आठवी पट्टी

आबांना कुठलीच वस्तू टाकवत नसे. वाकलेले खिळे, सुतळीची टोकं, कान तुटलेली बादली, झाकण हरवलेला डबा आणि डबा हरवलेलं झाकण, सगळं त्यांच्या खाटेखाली नांदत होतं. घरात कुणाचं काही हरवलं की आधी आबांच्या खाटेखाली वाकून बघायचं, ही रीतच पडून गेली होती. "लागेल कधीतरी," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. लागायचं कधीच नाही, पण आबा वाट बघायला खमके होते.

म्हणून सूनबाईने गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने बारा घरं आखून वर्षभराच्या चाऱ्याचं वेळापत्रक मांडलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आबांना झाला. आणि त्या वेळापत्रकाचा सगळ्यात मोठा घोळही त्यांनीच घातला. मनात वाईट काही नव्हतं हो. मनात वाईट नसलेली माणसं जो घोळ घालतात, तो निस्तरायला जास्त अवघड असतो, एवढंच.

गोठ्यात तीन दुभत्या गाई आणि एक कालवड. कालवडीचं नाव ठमी. ठमीच्या आजीला आबांनी एका कोरड्या उन्हाळ्यात विकलं होतं, कारण गव्हाणीत टाकायला काडी उरली नव्हती. न्यायला आलेल्या माणसाने तिला गाडीत चढवलं आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत ती हंबरत राहिली. घरातल्या सगळ्यांना ही गोष्ट पाठ होती, कारण आबा ती कधीच सांगत नसत. कुणी विषय काढला की उठून जात. त्या उन्हाळ्यापासूनच त्यांचं साठवणं सुरू झालं. आधी ते खाटेखाली काही ठेवत नसत म्हणे.

ठमी यंदा पहिल्यांदा गाभण राहणार होती. जनावरांच्या डॉक्टरने तपासून पाऊस सरताना भरवायला सांगितलं, तेव्हा हिशेब सरळ होता. ती व्यायची पावसाच्या तोंडावर, म्हणजे शेवटचे महिने, ज्यात पोटातलं वासरू भराभर वाढतं, ते नेमके उन्हाळ्याचे. नेमके उपाशी. दर वर्षी त्या दिवसांत घरातून एखादं जनावर जायचं. कधी बाजारात, कधी कुणा नातलगाकडे 'थोडे दिवस' म्हणून. थोडे दिवस गेलेलं जनावर परत आलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"या वर्षी एकही खुंटा रिकामा होणार नाही," सूनबाई म्हणाली. हातात कोळसा, कपाळावर कोळसा. "आबा, इकडे बघा. ही पावसाची घरं. यात गवत उतू जातं. आपण ते खाऊ घालतो, उरलेलं राठ होतं, मग बैठकीत बसून कौतुक करतो की यंदा गवत किती वाढलं. आता तसं नाही करायचं. उरलेलं कोवळं असतानाच कापायचं आणि खड्ड्यात दाबून, आंबवून मुरघास करायचा. ही थंडीची घरं. थंडीत आपलं हे नेपियर गवत झोपतं. तेव्हा लसूणघास उभा राहील, थंडी त्याला मानवते. बांधाला शेवरी आहे, तिचा पाला आहेच. आणि ही दोन घरं..."

तिने उन्हाळ्याची शेवटची दोन घरं दोनदा गिरवली होती.

"ही दोन घरं खड्डा भरणार. बाकी सगळं वर्ष या दोन घरांसाठी आहे असं समजा."

"आणि पाऊस पडला की?" आबांनी विचारलं.

"पडला तरी लगेच काही नाही. पहिलं गवत पाणचट असतं. त्याच्या जोडीला कोरडं लागतं. म्हणून खड्डा पावसात घुसून पुढे दोन-तीन आठवडे पुरला पाहिजे."

आबांनी मान डोलावली. पोरगी तयारीची आहे, हे त्यांनी तेव्हाच कबूल केलं, मनातल्या मनात. तोंडावर सुनेचं कौतुक करणं हेही त्यांनी कधीतरी लागेल म्हणून राखून ठेवलं होतं.

विहिरीजवळचं गवताचं वावर तिने आठ पट्ट्यांत वाटलं. प्रत्येक पट्टीच्या डोक्याशी एक लाकडी खुंटी. ज्या पट्टीची पाळी, तिच्या खुंटीला लाल फडकं. आठवड्याला एक पट्टी कापायची, जमिनीपासून वीतभर बुडखा ठेवून, मग शेणखत, पाणी, आणि फडकं पुढच्या खुंटीला. आठवी कापून होईपर्यंत पहिली पुन्हा कमरेच्या वर गेलेली असते. अशी रांग फिरत राहिली की जनावराला रोज कोवळं मिळतं आणि पावसात रोजच्या खाण्यावर उरतं ते खड्ड्यात जातं. गवताचे दोन-तीन भारे तर लसूणघासाचा किंवा शेवरीचा एक, असं बारीक चिरलेल्या कुट्टीत मिसळायचं. नुसता ओला लसूणघास भुकेल्या गाईपुढे टाकायचा नाही, पोट फुगतं. सगळ्या गोष्टी तिने आबांना दोनदा सांगितल्या, आणि आबांनी तिसऱ्यांदा विचारून घेतल्या.

कापणं आबांचं, कुट्टी आणि दावण सूनबाईची. आबांचे चिरंजीव पहाटे दुधाची गाडी घेऊन निघायचे ते दुपारी यायचे आणि आल्यावर आपण फार दमलो आहोत हे सगळ्यांना सांगायचे. फडकं बांधायचं काम आबांनी स्वतःहून मागून घेतलं.

पहिली फेरी अगदी वेळापत्रकाप्रमाणे झाली. आबा रोज सकाळी विळ्याला धार लावून निघत, पट्टी कापत, फडकं पुढे नेत. अडचण एवढीच झाली की आठवी पट्टी कापून झाल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं. आठवी पट्टी विहिरीच्या मागे, शेवरीच्या रांगेआड. तिथे नुसते बुडखे. तपकिरी, वीतभर उंचीचे, ओळीने उभे. पाऊस पडत होता, बाकीच्या सात पट्ट्या हिरव्यागार होत्या, पण आबांना तेवढे बुडखेच दिसले.

उभं असलं की बरं वाटतं, हे त्यांचं म्हणणं. कापलं की संपलं. खड्ड्यात दाबलेलं डोळ्यांना दिसत नाही, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीवर आबांचा विश्वास नव्हता. त्यांनी ठरवलं, ही एक पट्टी राहू द्यायची. कुणाला सांगायचं नाही. उन्हाळ्यात सगळ्यांची तोंडं सुकली की न्यायचं इथे आणि म्हणायचं, घ्या. या एका शब्दासाठी त्यांनी पुढचं सगळं वर्ष घालवलं.

दुसऱ्या फेरीत सातवी कापून झाली तेव्हा त्यांनी फडकं आठव्या खुंटीवर न बांधता थेट पहिल्या खुंटीवर नेलं.

आता सूनबाई तिकडे फिरकायला नको. यासाठी आबांना साप लागला.

"विहिरीमागे साप आहे बरं का," ते एका सकाळी सहज म्हणाले. "तू नको जाऊस तिकडे. मी आहे."

सूनबाई वाघाला भ्यायची नाही, पण सापाचं नाव काढलं की पदर गोळा करून खाटेवर चढायची. तिने विचारलं, "केवढा?"

"एवढा," आबांनी हात फाकवले. पुढच्या महिन्यात चिरंजीवांनी विचारलं तेव्हा हात आणखी फाकले. थंडीपर्यंत तो साप इतका वाढला की दाखवायला आबांना हात पुरेनात, मग ते नुसते डोळे मोठे करायचे.

त्याच पावसात ओढ्यापलीकडचा पैलवान आला. पैलवान म्हणजे अंगाने पापडासारखा माणूस. कधीकाळी एकदा उधळलेल्या वळूच्या दोराला लटकून राहिला होता, सोडायचं सुचलं नाही म्हणून, तेव्हापासून हे नाव. त्याच्या दारात कडब्याच्या दोन गंजी आणि खायला एक म्हातारा बैल. पुढच्या वर्षी गाई घ्यायच्या म्हणत होता, म्हणून लावायला नेपियरचं बेणं हवं होतं.

"वहिनी, चार भारे द्या कांड्यांचे. माझ्याकडे ओढ्याचं पाणी आहे, लावून टाकतो."

"दिलं असतं हो भाऊजी," सूनबाई म्हणाली, "पण आमचं सगळं कोवळं कापतो आता. कोवळी कांडी मातीत कुजते. बेण्याला जून कांडी लागते, निदान तीन-चार महिन्यांची. ती आमच्याकडे एकही नाही."

"नाही?" पैलवानाने त्या हिरव्या वावराकडे पाहिलं. एवढ्या गवतात बेणं नाही, हे त्याला पटेना. "द्यायचं नसेल तर तसं सांगा. आम्ही काय रागावतो थोडेच," असं म्हणून तो रागावून निघून गेला, आणि नंतर वाटेत दिसला तरी मान फिरवू लागला.

आबा तिथेच दोरी वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

पाऊस सरता सरता खड्डा भरायला घेतला. गवत कापून अर्धा दिवस सुकवायचं, बारीक कुट्टी करायची, गुळाचं पाणी शिंपडायचं, थर पसरायचा आणि तुडवायचं. हवा आत राहिली की बुरशी. सूनबाई तुडवायची, चिरंजीव तुडवायचे आणि दमायचे, आबाही काठी टेकून तुडवायचे. वर ताडपत्री, त्यावर माती. पण खड्डा काठाला येईना. हातभर रिकामा राहिला.

"पट्ट्या यंदा कमी का भरताहेत?" सूनबाई भिंतीपुढे उभी राहून स्वतःशीच बोलायची. "पहिलीची पाळी आली तेव्हा गुडघ्याच्या थोडी वर होती. कमरेला असायला हवी होती."

तिला कसं कळणार की आठाची रांग सातावर आली आहे आणि प्रत्येक पट्टी वाढ पुरी व्हायच्या आत विळ्याखाली येते आहे?

"हवा," आबा म्हणाले. "हवा बदललीय सगळी."

"हवा," सूनबाईने मान्य केलं आणि शेवटच्या दोन घरांकडे काळजीने पाहिलं.

आबांना वाईट वाटलं, पण थोडंच. पोरगी उगाच जीव जाळते आहे, तिला काय माहीत विहिरीमागे काय उभं आहे. ते रोज संध्याकाळी तिकडे चक्कर मारत. गवत डोक्याच्या वर गेलं, मग दोन पुरुष उंच झालं. थंडीत त्याला तुरे आले, सोनेरी, मऊ. आबांनी एक तुरा गालाला लावून पाहिला. गोठ्याच्या दारातून ते तुरे दिसायचे, सूनबाईने विचारलंच एकदा, कसले हो ते? "पैलवानाच्या बांधावरचं रानगवत," आबा म्हणाले. एव्हाना खोटं बोलायचा त्यांना चांगलाच सराव झाला होता.

थंडी लसूणघासाने छान काढली. तिथे वेळापत्रक चोख चाललं, कारण तिथे आबांचा हात नव्हता. दूध कमी झालं नाही, ठमीच्या अंगावर चकाकी आली. मग ऊन चढलं. विहिरीचं पाणी खाली गेलं, जे होतं ते आधी लसूणघासाला आणि मग गवताच्या दोन-तीन पट्ट्यांना. उरलेल्या पट्ट्या जागच्या जागी थांबल्या. ताडपत्री उचलून खड्डा उघडला. आंबूस, गोडसर वास आला आणि गाई दावणीला ताण देऊन उभ्या राहिल्या. मुरघास उत्तम झाला होता. फक्त कमी होता.

भिंतीवरच्या शेवटच्या घराची सुरुवात झाली तेव्हा खड्ड्याचा तळ दिसू लागला. सूनबाईने कडब्यासाठी चार ठिकाणी निरोप पाठवले. या दिवसांत ज्याच्याकडे असतो तो देत नाही. पैलवानाकडे निरोप पाठवायचं तिच्या जिवावर आलं.

त्या दिवशी दुपारी चिरंजीव जेवता जेवता म्हणाले, "एक जण ठमीला मागतोय. चांगला माणूस आहे, पाण्याची सोय आहे त्याच्याकडे. तिथे तिला पोटभर मिळेल. आपण चारही ओढत बसलो तर चारही खंगतील."

सूनबाईने हातातला घास ताटात परत ठेवला. ती हिंमत हरल्याचं आबांनी पहिल्यांदाच पाहिलं, आणि त्यांना वाटलं, आता. आता वेळ झाली.

"ठमी कुठे जात नाही," ते उठले. "हात धुवा आणि चला माझ्याबरोबर."

"कुठे?"

"विहिरीमागे."

"अहो पण साप..."

"ये गं. तो मला ओळखतो."

सूनबाईने तरी एक काठी घेतलीच. तिघं शेवरीच्या रांगेला वळसा घालून गेले आणि आबा बाजूला झाले. पुढे आठवी पट्टी भिंतीसारखी उभी होती. खाली कांड्या मनगटाएवढ्या जाड, पिवळसर, वर जाळीसारखी पानं.

"घ्या," आबा म्हणाले.

वर्षभर जपलेला शब्द होता तो. चिरंजीवांच्या तोंडून "आबा!" एवढंच निघालं, आनंदाने. सूनबाईने मात्र एक कांडी दोन बोटांत धरून दाबली. मग दुसरी.

"कापा की," आबा म्हणाले. "बघता काय?"

विळा लागेना. कोयता आणावा लागला. दोन भारे कुट्टी यंत्रात घातले तर यंत्र रडू लागलं. जे बाहेर पडलं ते चाऱ्यासारखं कमी आणि लाकडाच्या ढलप्यांसारखं जास्त. आबांनी स्वतः पाटी भरली आणि ठमीच्या गव्हाणीत रिती केली.

ठमीने तोंड घातलं. जिभेने चाचपून पानाचे तुकडे वेचले, मोजून चार, आणि उरलेलं नाकाने बाजूला सारलं. मग मान वर करून आबांकडे पाहिलं, खरं खायचं अजून यायचं असल्यासारखं.

"खा गं," आबा म्हणाले.

ते दावणीशी वाकले, एक मूठ उचलून तिच्या तोंडाशी धरली. ठमीने त्यांच्या मुठीतलं काहीही घेतलं नाही. तिने त्यांचं मनगट चाटलं, घामाचं मीठ होतं त्यावर. चाटत राहिली.

"खा गं माझे बाई," आबा पुन्हा म्हणाले.

बाकीच्या तिघींनीही तेच केलं. गव्हाणीत कांड्यांचा ढीग तसाच. चिरंजीवांना एकदम पाय मोकळे करायला जायचं आठवलं आणि ते निघून गेले. गोठ्यात आबा आणि सूनबाई उरली.

"हाच का तो साप?" ती म्हणाली.

आबांनी होकाराची मान हलवली. तिचा राग चढत असलेला त्यांना दिसत होता. तो कुणालाही दिसला असता. ती भिंतीकडे गेली, कोळसा उचलला आणि त्या बारा घरांतून तो फिरवू लागली.

"इथे एकदा कापली असती. इथे एकदा. थंडीत नाही, मग इथे, आणि ऊन चढायच्या आधी इथे. चार कापण्या, आबा. शिवाय बाकीच्या पट्ट्यांना आठवडा जास्त मिळाला असता. तो हातभर खड्डा त्यात भरला असता, वर राहिलंही असतं."

"म्हणजे तू चार ठिकाणी मागत होतीस ते..."

"ते सगळं तिथे उभं होतं."

आबा गव्हाणीच्या कडेवर बसले. त्यांनी ठमीला वाचवायला म्हणून जे राखलं, त्यानेच तिला दाराबाहेर काढायची वेळ आणली होती. हे कळायला त्यांना भिंतीवरची घरं वाचायची गरज नव्हती. त्यांना ते गाडीतलं हंबरणं ऐकू येत होतं, आणि या वेळी ते त्यांनी स्वतःच्या हाताने ओढवून आणलं होतं. त्यांना लाज वाटली. म्हातारपणी लाज वाटणं फार जड जातं, कारण ती फेडायला पुढे फारसं आयुष्य दिसत नाही.

सूनबाईला भांडायचं होतं. शब्द तोंडाशी आले होते. पण आबा इतके लहान होऊन बसले होते की तिने रागावायचं काम उद्यावर टाकलं आणि उगाच हाताला चाळा म्हणून एक न चिरलेली कांडी उचलली. उचलली आणि उन्हात धरली. पेराच्या वर एक डोळा होता. टपोरा, टोकाशी हिरवा. पुढच्या पेरावर आणखी एक. काही पेरांतून तर कोंब बाहेर डोकावत होते.

"आबा."

"बोल."

"हे खाण्याचं राहिलं नाही. पण बेणं याहून चांगलं कुठे मिळणार?"

आबांनी वर पाहिलं.

"पैलवानाकडे दोन गंजी आहेत कडब्याच्या," ती म्हणाली. "आणि एक बैल. ओढ्याला अजून पाणी आहे, तो आजही लावू शकतो."

"तो आपल्याशी बोलत नाही."

"माझ्याशी बोलत नाही. मी खोटं बोलले असं त्याला वाटतं ना, एवढ्या गवतात बेणं नाही म्हणून. त्याला जाऊन सांगा खोटं कोण बोलत होतं."

आबा खूप वेळ टोपी हातात फिरवत बसले. मग ती डोक्यावर घातली, चार कांड्या खांद्यावर टाकल्या आणि ओढ्याच्या वाटेला लागले. सापाची गोष्ट पैलवानाला सांगताना काय झालं ते कुणी पाहिलं नाही. पण पैलवानाचं हसणं ओढ्याच्या अलीकडे ऐकू आलं, आणि संध्याकाळच्या आत त्याच्या बैलगाडीतून कडब्याची पहिली खेप आली.

"मधलं तेवढं घ्या, भाऊजी," सूनबाई सांगत होती. "खालचा वाळका बुडखा सोडा, वरचा शेंडाही सोडा. तीन डोळ्यांची कांडी करा, तिरपी लावा, दोन डोळे मातीत आणि एक वर."

"आबा, तुमच्या सापाची शेपटीसुद्धा शिल्लक ठेवत नाही मी," पैलवान म्हणाला. आबांनी हसून घेतलं. ते त्यांना भोगायचंच होतं.

नुसत्या कडब्यावर गाभण जनावर निभत नाही, त्यात पोट भरतं पण अंगाला लागत नाही. सूनबाईने भिंतीवरचं शेवटचं घर पुसून नव्याने मांडलं. कडब्याची कुट्टी, खड्ड्यातला उरलेला मुरघास ठमीला आधी, जो काही लसूणघास निघेल तो सुकवून थोडा थोडा, आणि शेवरी.

शेवरीपाशी ती अडखळली. बांधावरची शेवरी छाटून संपत आली होती. उरली होती ती विहिरीजवळची रांग, जिच्या सावलीत आबांची बाज असे. उन्हाळ्यातली त्यांची एकुलती एक चैन. तिने नुसतं तिकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तेव्हा आबा शिडीवर होते. छातीइतक्या उंचीचं खोड ठेवून एकेक फांदी उतरवत होते, आणि त्यांची बाज भर उन्हात पडली होती. पाला ठमीने असा खाल्ला की गव्हाण चाटून पुसून घेतली. आबांनी उरलेला उन्हाळा गोठ्यात, गाईंच्या शेजारी बसून काढला. दूध उतरलं. ठमीला मागणाऱ्या माणसाला चिरंजीवांनी नाही म्हणून कळवलं.

पाऊस आला, आणि कोवळ्या पाणचट गवताच्या जोडीला कडबा पुरला. एका ढगाळ सकाळी ठमी व्यायली. कालवड झाली, ओली, चारही पाय चार दिशांना. आबांनी तिला खाटेखालच्या एका जुन्या पोत्याने पुसलं. इतक्या वर्षांत खाटेखालची एक वस्तू पहिल्यांदाच कामाला आली होती, आणि हे त्यांनी सगळ्यांना दोन-दोनदा ऐकवलं.

आठवी पट्टी बुडापर्यंत छाटून खत-पाणी दिलं होतं. पावसाने तिला असे फुटवे आणले की ठोंबात बोट शिरेना. फडकं एकेक खुंटी पुढे सरकत राहिलं आणि एका सकाळी ते आठव्या खुंटीवर आलं. बांधलं आबांनीच.

गवत छातीला आलं होतं. पानं रुंद, मऊ, वाऱ्याला सळसळणारी. आबा विळा घेऊन उभे होते आणि त्यांचा हात उठत नव्हता. सूनबाई पाटी घेऊन आली, त्यांच्याकडे पाहिलं आणि थांबली. मदत करू का, असं तिने विचारलं नाही. साप दिसतोय का, असंही नाही.

मग आबा वाकले. पहिली मूठ कापली, वीतभर बुडखा ठेवून. दुसरी कापली. ऊन वर येईपर्यंत ते त्या दिवसाची ओळ संपवून मागे वळले आणि कापलेल्या जागेकडे बघत राहिले. तपकिरी बुडखे, रांगेने.

"इथे काही उरलं नाही आता," ते म्हणाले.

"नाही," सूनबाई म्हणाली. "चला, तिकडे दाखवते."

गोठ्यात तिने कुट्टी ठमीपुढे टाकली. ठमीने मान खाली घातली ती वर केलीच नाही. गवत चावल्याचा करकर आवाज गोठाभर येत होता, आणि तिच्या मागच्या पायांत घुसून ती एवढीशी कालवड ढुसण्या देत पीत होती, तोंडाच्या कडेने फेस गाळत. आबा बराच वेळ एकदा गव्हाणीकडे, एकदा कासेकडे बघत राहिले. मग त्यांनी कालवडीच्या पाठीवर हात ठेवला.

आठवडा संपला तेव्हा त्यांनी आठव्या खुंटीवरचं फडकं सोडलं. ते विरून चिंध्या झालं होतं. सूनबाई नवीन आणते म्हणाली. आबांनी ती चिंधी एकदा हातात धरली, खाटेच्या दिशेने पाहिलं, आणि वाऱ्यावर सोडून दिली.

"आण नवीन," ते म्हणाले. "पहिलीला बांधू."